उघड्या पत्रावर ठरलेली गुप्त संख्या

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. भर बाजारातला तो व्यवहार गुप्त राहतो, कारण हात हाताला लागलेला असतो आणि वर रुमाल असतो. आता रुमाल काढून घ्या. एक जण बेळगावात, दुसरा इंदुरात. दोघे कधी भेटलेले नाहीत. जे कळवायचे ते पोस्टकार्डावर, म्हणजे पोस्टमनसकट कोणीही वाचावे असे. एवढ्यावर दोघांनाच ठाऊक असेल अशी संख्या ठरवता येईल का?

येते. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी १९७६ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. तिच्यामागे राल्फ मर्कल यांचाही विचार होता. ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातील माल्कम विल्यमसन यांना ती आधीच सुचली होती, पण ते १९९७ पर्यंत बाहेर आले नाही. गुपिताविषयीचा शोध गुपितच राहिला, याची मला गंमत वाटते.

कागद-पेन्सिल घ्या. बेळगावच्या सुमनताई आणि इंदूरचे वसंतराव कार्डावर उघड ठरवतात : ३ ला गुणत जायचे आणि १७ ने भागून बाकी तेवढी ठेवायची. सुमनताई मनात ६ धरतात. सहा वेळा ३ घेऊन गुणाकार केला की ७२९. १७ ने भागून बाकी १५. त्या १५ एवढेच कळवतात. वसंतराव मनात ७ धरतात. ३ चा सातवा घात २१८७, बाकी ११. ते ११ कळवतात.

आता सुमनताई आलेल्या ११ चा सहावा घात करतात. अकरा अकरे १२१, बाकी २; असे तीन वेळा, म्हणजे दोन दुणे चार, चार दुणे आठ. तिकडे वसंतराव १५ चा सातवा घात करतात. पंधरा पंधरे २२५, बाकी ४. ४ तीनदा गुणून ६४, बाकी १३. उरलेल्या एका १५ ने गुणून १९५, बाकी ८. दोघांकडे ८ आला, आणि ८ हा आकडा कुठल्याच कार्डावर नाही. कारण साधे आहे : दोन्ही वाटांनी ३ हा सहा सत्ते बेचाळीस वेळा गुणला गेला.

पोस्टमनकडे ३, १७, १५ आणि ११ आहेत. १५ आणि ११ गुणून भागत नाही. त्याने ३ तेरा वेळाच येतो, बेचाळीस वेळा नाही. त्याला ६ किंवा ७ शोधायलाच हवा. इथे तो सापडेल, कारण ३, ९, १०, १३, ५, १५ अशी यादी पाच मिनिटांत होते. म्हणून खऱ्या व्यवहारात १७ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची मूळ संख्या घेतात. घात करणाऱ्याला वर्ग करत झरझर पुढे जाता येते, जसे आपण १२१ चे २ केले. उलट्या दिशेची तशी जवळची वाट आजच्या संगणकांसाठी कोणाला सापडलेली नाही. ती नाहीच, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

संख्या तोकडी ठेवली तर काय होते ते २०१५ मध्ये दिसले. अनेक सर्व्हर अजून १५५ अंकांच्या त्याच त्या मूळ संख्या स्वीकारत होते. संशोधकांनी एका संख्येसाठी आठवडाभर आकडेमोड करून ठेवली. मग एकेक संभाषण फोडायला मिनिटभर पुरले.

पण रीतीचे खरे दुखणे वेगळे आहे. पोस्टमन नुसता वाचत नसून कार्डे बदलत असेल तर? तो स्वतःचा ४ धरतो, ३ चा चौथा घात ८१, बाकी १३, आणि दोघांनाही १३ पाठवतो. सुमनताईंकडे १६ येतो, वसंतरावांकडे ४, आणि दोन्ही आकडे पोस्टमनलाही काढता येतात. एकाचे पत्र उघडून, वाचून, दुसऱ्या किल्लीने बंद करून तो पुढे धाडतो. कुणाला शंकाही येत नाही. किल्ली कोणाशी ठरली, हे या गणितात कुठेच नाही.

म्हणून ओळख पटवण्याची सोय बाहेरून जोडावी लागते. बँकेच्या संकेतस्थळाच्या बाबतीत ते काम प्रमाणपत्र करते. व्हॉट्सॲपवर गणिताची जात निराळी असली तरी युक्ती हीच आहे, आणि तिथे प्रत्येक संपर्काच्या माहितीत साठ अंकांचा एक आकडा दिसतो. दोन्ही फोनांवर तो सारखा असला तर मध्ये कोणी नाही. माझ्या भाच्याशी मी तो ताडून पाहिला, तो समोर बसलेला असताना. त्याच चॅटवर पाठवून ताडण्यात अर्थ नाही, मधला माणूस तेही कार्ड बदलेल. नवा फोन घेतला की आकडा बदलतो. तेव्हा पुन्हा भेटून पाहावा, नाहीतर ओळखीच्या आवाजात फोनवरून वाचून घ्यावा.