आयएफची साखळी नको, दरांमधला फरक धरा

महावितरणच्या घरगुती वीजबिलात युनिटचे चार टप्पे असतात: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. शंभरी ओलांडली की सगळ्याच युनिटना महाग दर लागतो, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. पहिल्या १०० युनिटना पहिलाच दर राहतो, वाढीव दर फक्त वरच्या युनिटना लागतो.

एक्सेलमध्ये हा हिशेब मांडताना लोक एकात एक `IF` घालतात. दर बदलला की प्रत्येक कंसातला आकडा शोधून बदलावा लागतो आणि एखादा हमखास सुटतो. त्यापेक्षा हिशेबच वेगळ्या बाजूने पाहावा. सोयीसाठी दर ४, १०, १४ आणि १६ रुपये धरू. सगळ्या युनिटना आधी ४ रुपये लावायचे. शंभराच्या वरच्या प्रत्येक युनिटला आणखी ६, तीनशेच्या वर आणखी ४ आणि पाचशेच्या वर आणखी २. म्हणजे ३५० युनिटचे १४००, वरच्या २५० चे १५०० आणि शेवटच्या ५० चे २००, एकूण ३१०० रुपये. टप्प्याटप्प्याने मोजले तरी ४००, २००० आणि ७०० मिळून ३१००च होतात.

आता `A2:A5` मध्ये ०, १००, ३००, ५०० लिहा, `B2:B5` मध्ये दर. `C2` मध्ये `=B2`, `C3` मध्ये `=B3-B2` लिहून ते खाली ओढा. `E2` मध्ये युनिट, `F2` मध्ये बिल किती महिन्यांचे ते.

```
=SUMPRODUCT((E2>$A$2:$A$5*F2)*(E2-$A$2:$A$5*F2)*$C$2:$C$5)
```

पहिला कंस युनिट त्या मर्यादेपलीकडे गेली का ते पाहतो. गेली नसतील तर उत्तर शून्य, म्हणून तो टप्पा आपोआप गळतो. महिन्यांचा आकडा मी मुद्दाम ठेवला आहे. रीडिंग दोन महिन्यांनी झाले तर मर्यादाही दुप्पट धरायला हव्यात. तेच ३५० युनिट दोन महिन्यांचे असतील तर रक्कम २३०० होते. बिलात ३१०० दिसले, तर तक्रार जरूर करा.

नेहमीची चूक म्हणजे १०० आणि ३०० ऐवजी १०१ आणि ३०१ लिहिणे. मग उत्तर ३०९० येते. फरक इतका लहान की सहज नजरेतून निसटतो.

हे सूत्र फक्त वीज आकार काढते. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क वेगळे मिळवावे लागतात. केरळात महिन्याला २५० युनिटच्या पुढे सगळ्याच युनिटना एक दर लागतो, तिथे ते चालणार नाही.

सूत्र लिहून झाले की एका महिन्यासाठी १००, ३०० आणि ५०० युनिट घालून पाहा. वरच्या दरांनी ४००, २४०० आणि ५२०० आले, तर तक्ता बरोबर आहे.