सामायिक की स्वतंत्र आयपी पत्ता?
जुन्नर तालुक्यातील एखादे कृषी पर्यटन केंद्र द्राक्षांच्या हंगामात जुन्या पाहुण्यांना महिन्याला 4000 ईमेल पाठवत असेल, तर त्याला सामायिक आयपी पत्ताच योग्य. जीमेलसारख्या सेवा पत्त्याची पत सातत्याने येणाऱ्या ईमेलवरून ठरवतात. स्वतंत्र पत्त्यावर ती शून्यापासून उभारावी लागते. दिवसाला सव्वाशे-दीडशे ईमेल, तेही हंगामापुरते, त्यासाठी अपुरे पडतात. महिन्याला लाखभर ईमेल नियमित जात असतील, तरच स्वतंत्र पत्त्याचा जादा खर्च परवडतो. सामायिक पत्त्यावर दुसऱ्याच्या स्पॅमचा फटका बसू शकतो, हे खरे. परत आलेल्या ईमेलमध्ये पत्ता काळ्या यादीत असल्याचा उल्लेख दिसला, तर पुरवठादाराकडे दुसरा पत्ता मागावा. वाचक केंद्राच्याच ईमेलना स्पॅम ठरवत असतील, तर मात्र डोमेनची पत घसरते आणि पत्ता बदलूनही ती सुधारत नाही.