बिल पास होण्याआधी

कारखान्यातल्या मेंटेनन्स विभागाला बेअरिंग हवी असली, तरी तिथला माणूस थेट व्यापाऱ्याला फोन करत नाही. तो आधी मागणीपत्र भरतो. त्याला कुठे इंडेंट म्हणतात, कुठे पीआर. साहेबांची मंजुरी मिळाली की परचेसवाले दोन-तीन ठिकाणचे भाव मागवतात, एक व्यापारी नक्की करतात आणि त्याला पीओ, म्हणजे खरेदी आदेश पाठवतात. पीआर हा घरातला कागद असतो. पीओ मात्र बाहेरच्या माणसाला दिलेला शब्द असतो. म्हणून नग, दर, कर आणि पैसे किती दिवसांत देणार, हे सगळं त्यावर स्पष्ट लिहावं लागतं.

समजा, पीओ 500 बेअरिंगचा आहे आणि दर नगाला 240 रुपये. टेम्पो येतो, गेटवर नोंद होते, माल स्टोअर्समध्ये उतरतो. मोजल्यावर 480 नग भरतात. तपासणीत त्यातले 12 गंजलेले निघतात. स्टोअर्सचा माणूस माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन करतो: आले 480, नाकारले 12, स्वीकारले 468.

चार दिवसांनी अकाउंट्सकडे बिल येतं. त्यावर 500 नग आणि दर 248 रुपये, म्हणजे कर सोडून 1,24,000 रुपये.

अकाउंट्सच्या माणसाने बेअरिंग पाहिलेलीही नसतात. त्याच्यापुढे तीन कागद असतात: काय ठरलं ते सांगणारा पीओ, काय आलं ते सांगणारा जीआरएन आणि काय मागितलं आहे ते सांगणारं बिल. हे तिन्ही ओळीला ओळ लावून ताडून पाहायचे, याला थ्री-वे मॅचिंग म्हणतात. इथे देणं निघतं 468 गुणिले 240, म्हणजे 1,12,320 रुपये. फरक 11,680 रुपयांचा. त्यातले 7,680 न मिळालेल्या आणि नाकारलेल्या 32 नगांचे, तर 4,000 रुपये दर आठ रुपयांनी वाढवल्यामुळे आलेले. फरकाचे असे दोन भाग करणं फार महत्त्वाचं, कारण दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या टेबलांवर मिळतात. नगांचं स्टोअर्सला विचारायचं, दराचं परचेसला. परचेसने नवा दर तोंडी कबूल केला असेल, तर आधी पीओ सुधारून पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो.

किरकोळ फरकासाठी कोणी बिल अडवून ठेवत नाही. बहुतेक कंपन्या दरात एक-दोन टक्क्यांची सूट ठेवतात. आपल्या उदाहरणातली दरवाढ तीन टक्क्यांहून जास्त असल्यामुळे बिल आपोआप थांबतं. त्याच मालाचं बिल चुकून दुसऱ्यांदा आलं, तरी जीआरएनवर बिल न झालेले नग शिल्लक नसल्याने तेही अडकतं.

बिल अडलं म्हणून ते महिनोन्महिने पडून ठेवता येत नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, करारात काहीही लिहिलं असलं तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात; उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागतं. मालाबद्दलची हरकतही 15 दिवसांत लेखी कळवावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असंच धरलं जातं. त्या 12 गंजलेल्या नगांचं पत्र वेळेत गेलं नाही, तर जीआरएनवरचा ‘नाकारले’ हा शब्द लंगडा पडतो.

या पद्धतीचा सगळा भरवसा एका गोष्टीवर आहे: तिन्ही कागद वेगवेगळ्या हातांनी, एकमेकांकडे न पाहता तयार झाले पाहिजेत. सगळ्यात कच्चा दुवा असतो जीआरएन. गाड्या रांगेत उभ्या असताना स्टोअर्सवाला पेटी न उघडता चलानावरचा 500चा आकडा उतरवतो आणि नगांची चूक कागदावरून पुसली जाते. प्रत्येक जीआरएन चलानाशी तंतोतंत जुळत असेल, कधी एक नगही कमी नसेल, तर तिथे मोजणी होत नाही असं खुशाल समजावं. म्हणूनच काही ठिकाणी स्टोअर्सला पीओवरचे नग दाखवतच नाहीत. मोजल्याशिवाय आकडा भरताच येत नाही.

आणि माल, दर, नग सगळं जुळूनही पैसे भलत्याच खात्यात जाऊ शकतात. 2013 ते 2015 या काळात लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कासने गूगल आणि फेसबुककडून 12 कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या एका आशियाई कंपनीच्या नावाचीच कंपनी त्याने लाटव्हियात नोंदवली होती. खऱ्या मालापोटी देणं असलेले पैसे बनावट ईमेल आणि खोट्या बिलांच्या जोरावर त्याच्या खात्यांकडे वळले. 2019मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. पीओ, जीआरएन आणि बिल यांच्या ताळमेळात बँक खात्याची खातरजमा कुठेच होत नाही. त्यामुळे पुरवठादाराचं खातं बदलल्याचं पत्र आलं, तर त्या पत्रावरच्या नव्हे, तर आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर फोन करून विचारावं लागतं, आणि तो बदल बिल पास करणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाने मंजूर करावा लागतो.