दोन किरणांचं अंतर सारखं, तरीही आरशाच्या कडेला अंधार का?

अमरावतीहून नांदगाव पेठमार्गे सकाळी नागपूरकडे निघालात, तर समोर नुकताच वर आलेला सूर्य असतो आणि काळा डांबरी रस्ता आरशासारखा चकाकतो. भरदुपारी तोच रस्ता काळाच दिसतो. प्रकाश पृष्ठभागाला जवळपास घासून गेला, की बहुतेक सगळा परावर्तित होतो. साधी काच समोरून सुमारे ४ टक्केच प्रकाश परत पाठवते, पण घासून जाणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण.

आयर्लंडच्या हम्फ्री लॉइड यांनी १८३४ मध्ये याच गोष्टीवर एक प्रयोग केला. विज्ञान शाखेच्या पुस्तकांत तो 'लॉइडचा आरसा' या नावाने भेटतो.

प्रयोग काय आहे?

सोडियम दिव्यासमोर एक बारीक फट ठेवायची. तिच्या जरा खाली, तिला समांतर, काचेची सपाट पट्टी आडवी ठेवायची. पडद्यावर काही प्रकाश फटीतून थेट येतो, तर काही काचेला घासून. घासून आलेला प्रकाश जणू काचेखालच्या फटीच्या प्रतिबिंबातून निघाल्यासारखा वागतो. दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात आणि उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात.

समजा फट काचेपासून पाव मिलिमीटर उंच आहे आणि पडदा ३० सेंटिमीटरवर, काचेच्या टोकाला टेकलेला आहे. मग दोन काळ्या पट्ट्यांमध्ये सुमारे ०.३५ मिलिमीटर अंतर येतं. ते भिंगातूनच नीट दिसतं.

खरी गंमत कडेला

काचेच्या टोकाला थेट किरण आणि परावर्तित किरण सारखंच अंतर कापून पोहोचतात. म्हणजे तिथे लाटांचे उंचवटे जुळून सर्वात जास्त उजेड हवा. प्रत्यक्षात तिथे काळा पट्टा असतो आणि पहिल्या उजळ पट्ट्याचा मध्य सुमारे ०.१८ मिलिमीटर वर असतो.

कारण अंतरात नाही, परावर्तनात आहे. भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका द्या. वर गेलेला उंचवटा भिंतीवरून खाली उलटून परततो. काचेला घासून परतणारी प्रकाशाची लाटही अशीच उलटते, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीने मागे पडते. उंचवट्यावर खळगा येतो आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. परावर्तित लाट थेट लाटेइतकीच जोरदार असल्यामुळे अंधारही गडद होतो.

पट्टे दिसलेच नाहीत तर?

फट काचेला समांतर नसेल, तर पट्टे पुसट होतात. फट फार उंच असेल, तर ते इतके दाटतात की वेगळे ओळखू येत नाहीत. आणि पडदा टोकापासून दूर असेल, तर कडेचा काळा पट्टा दिसतच नाही, कारण तिथवर परावर्तित प्रकाश पोहोचत नाही. म्हणून पट्टे दिसले, तरी कड काळी आहे का हे ठरवण्याआधी पडदा काचेला टेकलाय का, ते तपासा.