कारण जितकं लंगडं, तितकं समर्थन जोरकस

बारावीचा फिजिक्सचा पेपर उद्या सकाळी आहे. ओंकारने (नाव काल्पनिक, मुलगा घरोघरचा) संध्याकाळी सहा ते नऊ रिव्हिजन करायचं ठरवलं होतं. सहाला 'फक्त टॉस बघतो' म्हणून तो टीव्हीसमोर बसला आणि मॅच संपल्यावर उठला. जेवताना आईने विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं. "अगं, आदल्या रात्री वाचलं की उलट गोंधळ होतो. टॉपर्ससुद्धा शेवटच्या दिवशी पुस्तक उघडत नाहीत."

आई याला थाप म्हणेल. मानसशास्त्राला मात्र यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. चार दिवसांपूर्वी हाच मुलगा 'रिव्हिजनशिवाय डेरिव्हेशन्स आठवत नाहीत' असं म्हणत होता. आता तो आईला फसवत नाहीये. त्याचं मतच बदललं आहे.

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1957 साली या प्रक्रियेचा सिद्धांत मांडला. त्याला आपण बोधनिक विसंवाद म्हणू. 'रिव्हिजन गरजेची आहे' आणि 'मी ती केली नाही' ही दोन वाक्यं डोक्यात शेजारी शेजारी बसली की अस्वस्थता येते. झालेली कृती पुसता येत नाही, तेव्हा त्यातल्या त्यात मऊ असलेलं पहिलं वाक्य वाकतं.

आता समजा, त्या संध्याकाळी ओंकारला ताप असता. रिव्हिजन तेव्हाही राहिलीच असती, पण 'आदल्या रात्री वाचू नये' हे तत्त्वज्ञान काही जन्माला आलं नसतं. तो चरफडला असता, आणि रिव्हिजनचं महत्त्व मनात शाबूत राहिलं असतं. ताप हे बाहेरचं, पुरेसं कारण आहे. मॅच हे कारण पुरेसं नाही, हे ओंकारलाही ठाऊक आहे, म्हणून उरलेली भरपाई मताला करावी लागते.

हा अंदाज फेस्टिंजर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तपासला. 1959 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं होतं. अर्धा तास ताटलीत रिळं भरायची आणि काढायची, मग अर्धा तास फळीवरच्या खुंट्या पाव-पाव वळसा फिरवायच्या. त्यानंतर बाहेर थांबलेल्या मुलीला 'काम फार मजेचं आहे' असं खोटं सांगायचं. त्यासाठी काहींना 1 डॉलर दिला, काहींना 20. पुढे काम खरंच कसं वाटलं, हे उणे 5 ते अधिक 5 या पट्टीवर विचारलं. 20 डॉलरवाल्यांची सरासरी शून्याच्या किंचित खाली राहिली, तर 1 डॉलरवाल्यांची अधिक 1.35 निघाली. वीस डॉलर घेणाऱ्याला 'पैशासाठी बोललो' एवढं पुरत होतं. एका डॉलरसाठी कोण खोटं बोलतं? मग काम खरंच बरं असणार!

परीक्षेच्या अधिक जवळचा प्रयोग जडसन मिल्स यांचा, 1958 सालचा. त्यांनी सहावीच्या मुलांना कॉपीबद्दलचं मत विचारलं, मग बक्षिसाच्या स्पर्धेत कॉपी करण्याची संधी मिळेल अशी व्यवस्था केली आणि नंतर मत पुन्हा विचारलं. ज्यांनी कॉपी केली त्यांना ती आता तितकी वाईट वाटत नव्हती. मोह टाळलेल्यांचं मत मात्र बहुतांशी आणखी कडक झालं होतं.

हा सिद्धांत अगदी निर्विवाद आहे असं मात्र नाही. 2024 साली 19 देशांतल्या 39 प्रयोगशाळांनी मिळून याच घराण्यातला एक प्रयोग पुन्हा केला. स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहिला की मत त्या बाजूला सरकतं, हे दिसलं. पण 'लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा' असं सांगितल्याने ते अधिक सरकतं, हा सिद्धांताचा लाडका दावा टिकला नाही. माझ्या मते मूळ निरीक्षण पक्कं आहे, यंत्रणेचा तपशील अजून वादात आहे.

शिवाय ओंकारचं वाक्य सरसकट खोटंही नाही. रात्रभर जागून नवा धडा घोकणं खरोखरच महागात पडतं. समर्थनाची मेख इथेच असते. नव्या धड्याबद्दलचं खरं विधान तो जुन्या धड्याच्या उजळणीला चिकटवतो. सबब ओळखायची असेल तर कारण कधी सुचलं ते पाहावं. सहा वाजण्याआधी सुचलं असेल तर तो बेत असू शकतो, मॅच संपल्यावर सुचलं असेल तर संशय घ्यावा.

आणि आईबाबांनो, अशा वेळी वाद घालू नका. वादात मुलगा आपल्या नव्या मताची बाजू मांडत बसतो आणि ते अधिकच घट्ट होतं. त्यापेक्षा कोरा कागद द्या आणि 'बँकिंग ऑफ रोड'चं डेरिव्हेशन न बघता लिहायला सांगा. आलं तर निवांत झोपू द्या. अडलं तर अजून साडेनऊच वाजलेत, तासभर उजळणी होते.