बंद डिकीतला दिवा

आमच्या गटाची जुनी गाडी मसाले घेऊन बाजाराला जाते. शनिवारी संध्याकाळी लावून ठेवली, ती मंगळवारी सकाळी चालूच होईना. किल्ली फिरवली की नुसती टकटक. मेकॅनिक म्हणाला, "ताई, बॅटरी गेली, नवी घ्या." पण बॅटरी वर्षभराचीच, म्हणून आम्ही ती चार्ज करून आणली आणि आधी शोध घेतला.

मोबाईलवर व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवला, झाकण लावलं. काही गाड्यांत दिवा जरा उशिरा विझतो, म्हणून पाच मिनिटं थांबलो. व्हिडिओत शेवटपर्यंत लख्ख उजेड! सीटसमोरच्या कागदपत्रांच्या कप्प्यातही तसंच पाहिलं, तिथं अंधार होता.

डिकीच्या चौकटीवर छोटं बटण असतं. झाकणाने ते दाबलं की दिवा विझतो. आमच्या बटणावरचं रबर झिजलं होतं, त्यामुळे ते पुरतं दाबलंच जात नव्हतं.

बल्ब पाच वॅटचा, म्हणजे बारा व्होल्टवर सुमारे 0.4 अँपिअर. आमची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. एका रात्रीत त्यातले चार-पाच जातात, चांगल्या बॅटरीला ते कळतही नाही. जुनीला मात्र एक रात्रही भारी पडते. साठ तासांत 24 गेले, तिथं आमची गाडी बसली.

नवं बटण मिळेपर्यंत बल्ब गार करून काढून ठेवला. दाराचं बटण बिघडलं तर छतावरचा दिवा निदान काचेतून दिसतो, डिकीतला कुणालाच दिसत नाही.