एकरकमी ठेव की दरमहा हप्ता? व्याजदर एकच, तरी रक्कम वेगळी का?

संशोधक विद्यार्थ्यांची रखडलेली फेलोशिप अनेकदा महिनोन्‌महिने येत नाही आणि मग एके दिवशी एकदम खात्यावर जमा होते. समजा, अशी 1,20,000 रुपयांची थकबाकी तुमच्या हातात आली. घरचे म्हणतात, सगळे पैसे बँकेत मुदत ठेवीत टाक. मित्र म्हणतो, एकदम नको, दरमहा दहा हजारांची आवर्ती ठेव कर, म्हणजे आरडी; त्याने शिस्त लागते. दोन्हींवर व्याज 6 टक्के, मुदत एक वर्ष. मग फरक काय पडणार?

फरक पडतो, आणि तो दराचा नाही, काळाचा आहे. 6 टक्के वार्षिक म्हणजे महिन्याला अर्धा टक्का. दहा हजारांवर महिन्याला 50 रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, बाकीचा हिशेब कागदावर जमतो.

एकरकमी ठेवीत दहा-दहा हजारांचे बारा भाग आहेत आणि प्रत्येक भाग पूर्ण बारा महिने काम करतो. बारा गुणिले बारा, म्हणजे 144 वेळा 50 रुपये. झाले 7,200. दरमहा व्याजावर व्याज धरले की 7,401. वर्षाअखेरीस हातात 1,27,401 रुपये.

आता आरडी. प्रत्येक हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला असे धरू. पहिला हप्ता बारा महिने राहतो, दुसरा अकरा, तिसरा दहा, आणि शेवटचा फक्त एक महिना. 12 पासून 1 पर्यंतची बेरीज 78. म्हणजे 78 वेळा 50 रुपये, 3,900. व्याजावर व्याज धरून 3,972. हातात 1,23,972 रुपये. फरक 3,429 रुपयांचा. (बँका सहसा तिमाहीने चक्रवाढ करतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे कमी येतील, चित्र बदलत नाही.)

इथेच गैरसमज होतो. 3,972 ला 1,20,000 ने भागले की 3.3 टक्के येतात. मग लोक म्हणतात, बँकेने 6 टक्के सांगून 3.3 दिले, फसवले. फसवणूक नाही. 1,20,000 रुपये बँकेकडे वर्षभर नव्हतेच. सरासरी हप्ता तिथे साडेसहा महिनेच होता. दर 6 टक्केच होता, पैशाला वेळ कमी मिळाला.

पण तुलना अजून पुरी झालेली नाही. आरडी करताना उरलेले पैसे कुठे होते? बचत खात्यावर असतील आणि तिथे 2.5 टक्के व्याज धरले, तर त्या पडून राहिलेल्या पैशावर सुमारे 1,375 रुपये मिळतात. मग खरा तोटा साधारण 2,054 रुपयांवर येतो. अर्थात, हे पैसे खात्यावर खरोखर राहिले तर. आपल्या घरांत खात्यावरचा पैसा क्वचितच पडून राहतो. कुणाची फी, कुणाचे दवाखान्याचे बिल.

ती गरज खरी असेल, तर उपाय हप्ते पाडणे हा नाही. एका मोठ्या ठेवीऐवजी तीस-तीस हजारांच्या चार ठेवी करा. अडचण आली तर एकच मोडावी लागते. मुदतीआधी मोडताना बहुतेक बँका व्याजात कपात करतात. ती किती, हे ठेव ठेवतानाच विचारून घ्या.

मग एसआयपीत दरमहा गुंतवणूक चांगली, असे का सांगतात? तिथे भाव वर-खाली होतात आणि सगळे पैसे नेमके महागात लागण्याचा धोका हप्त्यांनी कमी होतो. ठरलेल्या व्याजात भावच हलत नाही, त्यामुळे थांबण्याचा काही मोबदला मिळत नाही. आणि पगारातून महिन्याला दहा हजारच उरत असतील, तर हा प्रश्नच उद्भवत नाही, आरडी करा.

वस्तीत काम करणाऱ्यांनी हाच हिशेब उलटा करून पाहावा. 1,20,000 चे कर्ज, 'फ्लॅट 12 टक्के', वर्षभरात फेड. व्याज 14,400, दरमहा हप्ता 11,200. ऐकायला बारा टक्के. पण कर्जदार दर महिन्याला मुद्दल परत करत असतो, पूर्ण रक्कम त्याच्याकडे फक्त पहिल्या महिन्यात असते. व्याज मात्र वर्षभर पूर्ण रकमेवर आकारले जाते. खरा दर पडतो वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एवढेच विचारा: व्याज मूळ रकमेवर आहे, की उरलेल्या मुद्दलावर?